घर सोडलं, चेक मालकांकडेच: स्टॉप पेमेंट कसं आणि कधी करावं

प्रश्न: पुण्यात मे २०२५ पासून अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतलाय. भाडं २२,०००, डिपॉझिट ६६,०००. दर महिन्याच्या ५ तारखेचे अकरा चेक मालकांना आधीच दिलेत. लॉक-इन सहा महिन्यांचं होतं, ते संपलं. नागपूरला नोकरी लागली, म्हणून १० नोव्हेंबरला एक महिन्याची नोटीस मेलवर दिली आणि ३० नोव्हेंबरला घर सोडतोय. उरलेले चार चेक (०००४४८ ते ०००४५१) मागितले तर मालक म्हणतात, "सापडले की देतो." बँकेला सांगून ते थांबवले तर चेक बाउन्सची केस होते का? एका क्लासला फीच्या हप्त्यांचे दोन चेक दिलेत, तेही थांबवायचे आहेत.

उत्तर:

आधी डिसेंबरच्या चेकबद्दल बोलू, कारण खरी गोम तिथे आहे. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे तीन चेक तसे सरळ आहेत. त्या महिन्यांत तुम्ही घरात नसाल, नोटिशीची मुदतही संपलेली असेल, म्हणजे त्या तारखांना भाड्यापोटी मालकांचं तुमच्याकडे काही येणं उरत नाही. डिसेंबरचं तसं नाही. १० नोव्हेंबरला दिलेली एक महिन्याची नोटीस १० डिसेंबरला पुरी होते. तुम्ही दहा दिवस आधीच चाव्या दिल्यात तरी त्या दहा दिवसांचं भाडं तुमच्या अंगावर आहे. २२,००० ला ३१ ने भागून १० ने गुणा, ७,०९७ रुपये होतात. एका दिवसाच्या हिशेबावरून वाद घालू नका, दहाच धरा.

हे करारात नोटिशीबद्दल वेगळं काही नसेल तर. काही करारांत "नोटीस पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मोजली जाईल" असं एक वाक्य असतं आणि ते सहीच्या दिवशी कुणी वाचत नाही. तुमच्या करारात ते असेल तर अख्खा डिसेंबर तुमचा, आणि मग ४४८ नंबरचा चेक थांबवायचाच नाही, वटू द्यायचा. म्हणून पुढचं वाचण्याआधी ते पान काढून बघा.

मी पुण्यातल्या बँक शाखांमध्ये तीस वर्षं काढली, त्यातली बरीच क्लिअरिंगच्या टेबलावर. स्टॉप पेमेंटचा अर्ज घेऊन येणाऱ्या बहुतेकांना वाटायचं की बँकेने चेक थांबवला की विषय संपला. बँक फक्त आपला हात आखडता घेते. तुमचं देणं आहे की नाही, हे बँक बघत नाही आणि बघूही शकत नाही. देणं असेल तर ते चेक थांबवून नाहीसं होत नाही, उलट त्याला फौजदारी शेपूट चिकटतं.

हे शेपूट म्हणजे चलनक्षम दस्तऐवज कायदा, १८८१ मधलं चेक बाउन्सचं कलम १३८. ते कलम शब्दशः वाचलं तर त्यात खात्यात पैसे अपुरे असल्याचा किंवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा चेक मोठा असल्याचा उल्लेख आहे, "स्टॉप पेमेंट" हे शब्द नाहीत. म्हणून बरीच वर्षं वकिलांनीही लोकांना सांगितलं की पैसे कमी पडताहेत असं दिसलं तर आधीच स्टॉप करून टाका. ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मोदी सिमेंट्सच्या निकालात बंद केली. चेक "पेमेंट थांबवलं" या शेऱ्याने परत गेला तरी १३८ लागू होतं, असं त्यात ठरलं. पुढे २००१ मध्ये एमएमटीसीच्या निकालात दुसरी बाजूही स्पष्ट झाली: त्या दिवशी खात्यात पुरेसे पैसे होते, आणि चेक थांबवण्याचं खरं कारण म्हणजे त्या रकमेचं देणंच उरलं नव्हतं, हे चेक देणाऱ्याने दाखवलं तर गुन्हा होत नाही. मात्र हे दाखवायचं तुम्हालाच. कलम १३९ मुळे कोर्ट सुरुवात अशीच धरतं की चेक कुठल्या तरी देण्यापोटीच दिलेला होता.

तुमच्या बाबतीत यातून दोन कामं निघतात. प्रत्येक चेकच्या तारखेला देणं शून्य आहे हे कागदावर दिसलं पाहिजे, आणि मालक चेक भरू शकतील त्या काळात खात्यात पैसे असले पाहिजेत.

पहिलं काम आजच उरकता येईल. ७,०९७ रुपये एनईएफटीने किंवा यूपीआयने मालकांच्या खात्यात टाका आणि शेऱ्यात "१ ते १० डिसेंबर भाडे" लिहा. ते पैसे डिपॉझिटमधून कापून घ्या असं मालकांना सांगण्याचा मोह होईल. पण डिपॉझिट त्यांच्या हातात आहे, कापल्याचं कबूल करणंही त्यांच्याच हातात. पाच तारखेला ते म्हणू शकतात की डिपॉझिट रंगकामात गेलं आणि भाडं बाकीच आहे. वेगळी भरलेली रक्कम मात्र बँकेच्या उताऱ्यात दिसते, तिच्यावर त्यांच्या कबुलीची गरज नाही.

ही रक्कम चेकच्या तारखेच्या आत भरण्याला महत्त्व आहे. २०२२ मध्ये दशरथभाई पटेल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की चेक दिल्यानंतर काही रक्कम वेगळी भरली गेली असेल तर तिची नोंद चेकवर झाली पाहिजे, आणि उरलेल्या रकमेसाठीच तो वटवता येतो. तशी नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक भरला आणि तो परत गेला, तर तो त्या तारखेच्या देण्याइतका नव्हता म्हणून १३८ लागत नाही. ७,०९७ भरलेत की तुमच्या डिसेंबरच्या २२,००० च्या चेकमागे काहीच उरत नाही. ते भरले नाहीत आणि नुसता चेक थांबवलात, तर थोडं का होईना पण खरं देणं बुडवल्याचं चित्र उभं राहतं, आणि ते खोडायला वकिलाची फी सात हजारांहून जास्त होईल.

पैसे भरल्यावर लगेच मालकांना मेल करा, व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. मजकूर साधा असू द्या:

"माझ्या १० नोव्हेंबरच्या नोटिशीप्रमाणे १० डिसेंबरपर्यंतचं भाडं ७,०९७ रुपये आज आपल्या खात्यात जमा केलं आहे. ३० नोव्हेंबरला फ्लॅटचा ताबा आणि चाव्या देत आहे. चेक क्रमांक ०००४४८ ते ०००४५१ आपल्याकडे आहेत. त्यांच्यापोटी आता देणं उरलेलं नाही, म्हणून ते बँकेत न भरता मला परत द्यावेत. हे चेक थांबवण्याची सूचना मी बँकेला देत आहे. यापुढचा पत्रव्यवहार खालील पत्त्यावर करावा."

आणि खाली नागपूरचा पत्ता. शेवटची ओळ लोक विसरतात आणि तिथेच फसतात. चेक परत गेला तर मालकांची नोटीस त्यांना तुमचा जो पत्ता माहीत आहे तिथे जाणार. भाडेकरूचा माहीत असलेला पत्ता कोणता, तर कितीदा तोच फ्लॅट जो तो सोडून गेला! पाकीट "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा घेऊन परत जातं, तुम्हाला कळतही नाही, आणि मग एके दिवशी समन्स येतं. योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस पोचली असं धरता येतं. नोटीस मिळालीच नव्हती असं ज्याचं म्हणणं आहे, त्याने समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलंय. पण तुम्हाला पैसे भरायचे नाहीत, उत्तर द्यायचंय. त्यामुळे नोटीस हातात येणं तुमच्याच फायद्याचं आहे.

चाव्या देताना साध्या कागदावर दोन ओळी लिहून मालकांची सही घ्या: अमुक दिवशी ताबा मिळाला. सही देत नसतील तर रिकाम्या घराचा आणि चाव्या देतानाचा व्हिडिओ घ्या, आणि त्याच संध्याकाळी "आज चाव्या दिल्या" असा मेसेज टाका.

आता बँक. स्टॉप पेमेंट आत नेमकं कसं चालतं ते कळलं की त्यात काय बिघडतं तेही कळेल.

चेकच्या तळाशी पांढऱ्या पट्टीवर यंत्राला वाचता येणारे आकडे असतात. डावीकडचे पहिले सहा आकडे म्हणजे चेकचा नंबर. त्यापुढचे नऊ म्हणजे शहर, बँक आणि शाखा. तुम्ही स्टॉपची सूचना देता तेव्हा बँकेच्या संगणकात तुमच्या खात्याखालच्या त्या चेक नंबरासमोर एक खूण लागते. एवढंच. मालक त्यांच्या बँकेत चेक भरतात, ती बँक चेकचा कागद पाठवत नाही, त्याची प्रतिमा आणि पट्टीवरचे आकडे पाठवते. तुमच्या बँकेचा संगणक खातं आणि नंबर जुळवून बघतो, खूण सापडली की चेक परत. कारण म्हणून, चेक परत पाठवण्याच्या कारणांच्या यादीतला २० क्रमांकाचा शेरा लागतो: चेक देणाऱ्याने पेमेंट थांबवलं. पैसे अपुरे असल्याचा शेरा ०१ क्रमांकाचा. हे दोन वेगळे शेरे आहेत, आणि पुढे वाद झाला तर परत गेलेल्या चेकसोबतच्या मेमोवर कोणता आहे ते बघितलं जातं.

म्हणजे सगळं त्या सहा आकड्यांवर आहे. अर्जात रक्कम, तारीख, मालकांचं नाव लिहायला जागा असते आणि ते जरूर लिहा, पण संगणक जुळवतो तो नंबर. एक आकडा चुकला तर खूण दुसऱ्याच पानाला लागते आणि थांबवायचा चेक सुखरूप वटतो. मग बँकेशी भांडून उपयोग नाही, चूक तुमच्या अर्जातली. माझ्या टेबलावर असा एकजण आला होता ज्याने नंबर बरोबर दिला होता, पण चेकबुक त्याच्या दुसऱ्या खात्याचं होतं. नवरा-बायकोची तीन खाती, तीन चेकबुकं, आणि चेक कुठल्या पुस्तकातून फाडला ते आठवत नव्हतं. चेक देताना काढलेला फोटो असेल तर त्यावरून, नाही तर चेकबुकाच्या आतल्या नोंदीच्या पानावरून खातं आणि नंबर दोन्ही ताडून घ्या. मे ते नोव्हेंबरचे सात चेक वटलेत, त्यांचे नंबर उताऱ्यात दिसतील. ते ०००४४१ ते ०००४४७ असे ओळीने असतील तर पुढचे चारही ओळीतलेच आहेत याची बरीच खात्री पटेल. मधलं एखादं पान रद्द करून दुसरं दिलं असेल तर ओळ तुटते, तेवढं बघा.

चारही नंबर लागोपाठ असतील तर एकेक न थांबवता "या नंबरपासून त्या नंबरपर्यंत" असा पर्याय निवडा. बँका बहुधा दर चेकला वेगळं शुल्क लावतात आणि लागोपाठच्या गठ्ठ्याला एकत्र एकच लावतात, वर १८ टक्के जीएसटी. बँकेचं दरपत्रक संकेतस्थळावर असतं, दोन मिनिटं देऊन बघा.

नेटबँकिंगवरून किंवा अ‍ॅपवरून केलेली सूचना लगेच लागते. यशस्वी झाल्याचा संदेश आणि संदर्भ क्रमांक जपून ठेवा. शाखेत कागदी अर्ज दिलात तर एक गोष्ट लक्षात घ्या: अर्ज काउंटरवर दिल्याने खूण लागत नाही. एक कर्मचारी ती नोंद टाकतो, दुसरा अधिकारी ती मंजूर करतो, तेव्हा ती लागते. एका शाखेत दुपारी घेतलेला अर्ज ट्रेमध्येच राहिला, दुसऱ्या दिवशी नोंद होईपर्यंत चेक वटून गेला होता. ग्राहकाकडे शिक्का आणि वेळ घातलेली पोच होती म्हणून बँकेला ते पैसे सोसावे लागले. पोच नसती तर त्याचा शब्द विरुद्ध आमचा शब्द. तेव्हा पोचेवर तारखेबरोबर वेळही मागा आणि शक्य असेल तर नोंद झाल्याचा एसएमएस येईपर्यंत तिथून हलू नका. संयुक्त खातं असेल तर साधारणपणे एकाच्या सहीनेही चेक थांबवता येतो, पण थांबवलेला पुन्हा चालू करायला बँका सगळ्यांच्या सह्या मागतात.

वेळेचा मुद्दा आता पूर्वीपेक्षा कडक झालाय. आमच्या काळात चेक आज भरला तर उद्या दुपारपर्यंत धावपळ करायला जागा असायची. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने ते बदललं. बँका आलेले चेक दिवसभर पुढे पाठवत राहतात, आणि देणाऱ्याच्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत होय किंवा नाही सांगायचं असतं. काहीच सांगितलं नाही, तर चेक मंजूर धरला जातो. त्यामुळे ५ डिसेंबरला, शुक्रवारी, दुपारी जेवताना आठवण झाली तर उशीर झालेला असू शकतो. आणि मालकांचं खातं तुमच्याच बँकेत असेल तर चेक क्लिअरिंगला जातच नाही. काउंटरवरच्या माणसाने नोंद केली की त्या क्षणी पैसे गेले. एकदा वटलेला चेक थांबवता येत नाही.

म्हणून पाच तारखेची वाट बघू नका. आधी पैसे भरा, मेल करा, आणि त्याच दिवशी चारही चेक थांबवा. पुढच्या तारखेचा चेक आधी भरला तर बँकेने तो परत पाठवायला हवा, हे बरोबर. पण तारीख हाताने लिहिलेली असते, ती माणसाला प्रतिमेवर वाचावी लागते, आणि दिवसाला शेकडो चेक बघणाऱ्या डोळ्याला १२ आणि ११ यांतला फरक कधी निसटतो. स्टॉपची खूण मात्र तारीख बघत नाही.

अर्जावर किंवा अ‍ॅपमध्ये कारण विचारतात. तिथे "चेक हरवला" निवडू नका. यादीत तो पर्याय सगळ्यात वर असतो आणि लोक काही विचार न करता तोच दाबतात. तुम्ही मेलमध्ये मालकांना लिहिणार की चेक त्यांच्याकडे आहेत, आणि बँकेला सांगणार की हरवले. हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून समोरचा वकील तुम्हाला उलटतपासणीत फार सुखाने प्रश्न विचारेल. "भाडेकरार संपला, चेक परत मिळाले नाहीत" असं खरं ते लिहा. यादीत बसणारा पर्याय नसेल तर "इतर" निवडा.

दुसरी गोष्ट जी करू नका, ती म्हणजे खातं बंद करणं. "नागपूरला नवं खातं उघडतोच आहे, हे बंद केलं की चेक आपोआप मेले," असं कुणी तरी सांगेल. खातं बंद म्हणून परत गेलेला चेकही १३८ मध्येच येतो, हे १९९९ मध्येच ठरलंय. वर तुमचा एमएमटीसीचा बचाव जातो, कारण बंद खात्यात पैसे होते हे दाखवणार कसं?

पैसे किती ठेवायचे याचा हिशेब करू. चेक त्याच्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो, ही मुदत १ एप्रिल २०१२ पासून आहे, आधी सहा महिने होती. एकदा परत गेलेला चेक मालक त्या मुदतीत पुन्हा पुन्हा भरू शकतात, म्हणून पहिल्यांदा परत गेला की स्टॉप काढून टाकायचा नाही. आता ५ फेब्रुवारीचा दिवस घ्या. त्या दिवशी डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी असे तिन्ही चेक जिवंत असतात. मालक तिन्ही एकत्र भरू शकतात, म्हणजे ६६,०००. मार्चचा चेक सुरू होईपर्यंत डिसेंबरचा बहुतेक संपलेला असतो, तेव्हा आकडा याच्या वर फारसा जात नाही. ६६,००० ठेवणं जड असेल तर निदान डिसेंबरमध्ये २२,००० आणि जानेवारीत ४४,००० तरी राहू द्या. पैसे तुमचेच आहेत, चेक थांबलेला आहे, ते कुठे जात नाहीत. फक्त त्या दिवशी ते तिथे होते हे उताऱ्यात दिसायला हवं.

मालकांनी तरीही चेक भरला तर पुढचा क्रम ठरलेला आहे. चेक परत गेल्याची माहिती त्यांच्या बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यांनी तुम्हाला लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस. त्यात पैसे भरले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात त्यांनी कोर्टात तक्रार करायची. त्या १५ दिवसांत गप्प बसू नका. "माझी बाजू बरोबरच आहे, कोर्टात बोलेन," असं म्हणणारे नंतर पस्तावलेले पाहिलेत. वकिलामार्फत उत्तर द्या आणि त्याला करार, १० नोव्हेंबरचा मेल, ताब्याचा कागद, ७,०९७ भरल्याची नोंद आणि चेक भरल्या दिवसाचा खातेउतारा जोडा. एवढं हातात आल्यावर मालकांचा वकीलच बहुधा त्यांना थांबवतो. थांबले नाहीत तर खटला, जिथे मालकांचं खातं असलेली शाखा आहे तिथल्या कोर्टात चालतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर हे पक्कं झालंय. तुम्ही नागपूरला आणि तारखा पुण्याला, असं होतं. ते टाळण्यासाठीच वरचा कागदांचा खटाटोप.

मालक म्हणू शकतात की रंग, तुटलेला नळ, सोसायटीची थकबाकी यापोटी चेक भरले. हे चेक भाड्याचे होते, करारात तसं नोंदलेलंही असेल. नुकसानीचा वाद डिपॉझिटमधून किंवा वेगळ्या दाव्यातून सोडवायचा. पण करारात "हे चेक कोणत्याही येण्यापोटी वापरता येतील" असं वाक्य असेल, किंवा चेक रक्कम न लिहिता फक्त सही करून दिले असतील, तर प्रकरण बदलतं. कोऱ्या चेकवर सही करून देणारा माणूस समोरच्याला तो भरण्याचा अधिकारच देतो, असं कायदा धरतो. तुम्ही रक्कम आणि तारीख घालून दिलेत असं दिसतंय, तसं असेल तर बरं झालं.

आता क्लासचे दोन चेक. इथे मी तुम्हाला सरसकट "थांबवा" म्हणणार नाही. २०१४ च्या इंडस एअरवेजच्या निकालात, मालाची ऑर्डर रद्द झाल्यावर आगाऊ दिलेले चेक थांबवले गेले होते. माल आलाच नाही, म्हणून देणं नव्हतं आणि गुन्हाही नव्हता. पुढच्या महिन्यांच्या शिकवणीपोटी महिनावार दिलेले चेक या बाजूला झुकतात. पण क्लासच्या पावतीवर "संपूर्ण अभ्यासक्रमाची फी अमुक, सोयीसाठी तीन हप्त्यांत" असं लिहिलेलं असलं, तर क्लासवाला म्हणेल की देणं प्रवेशाच्या दिवशीच ठरलं होतं. पावती बघा, प्रवेश रद्द केल्याचं लेखी द्या, आजवर शिकलेल्या महिन्यांचे पैसे चुकते करा, आणि त्यांच्याशी बोलून चेक परत घेता आले तर ते सगळ्यात स्वस्त.

त्याहून महत्त्वाचं: ते चेक नक्की कुणाच्या नावाने आहेत ते पहा. बरेच क्लास "बिनव्याजी हप्ता" म्हणून एका फायनान्स कंपनीचं कर्ज तुमच्या नावावर काढतात. कंपनीने फी क्लासला कधीच देऊन टाकलेली असते, आणि तुमचे हप्ते कंपनीला जातात. तसं असेल तर क्लास सोडल्याने कर्ज सुटत नाही. कर्जाच्या हप्त्यांसाठी दिलेले पुढच्या तारखेचे चेक, कर्जाची रक्कम दिली गेल्यानंतर, त्या तारखेच्या देण्याचेच असतात, असं २०१६ मध्ये संपेल्ली सत्यनारायण राव यांच्या प्रकरणात ठरलं. हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल आणि पैसे नसल्यामुळे तो परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ अगदी १३८ सारखंच लागतं. असं कर्ज असेल तर क्लासकडून परतावा मागा आणि कर्ज फेडून बंद करा, चेकला हात लावू नका. कर्ज बंद झाल्यावर मात्र कंपनीकडे राहिलेले चेक परत मागा, आणि परत मिळाले नाहीत तर तेव्हा थांबवा.

स्टॉपची खूण किती दिवस टिकते ते तुमच्या बँकेला एकदा विचारा. ती ठरावीक काळानंतर आपोआप निघत असेल तर मार्चच्या आधी पुन्हा लावावी लागेल. तुमचा शेवटचा चेक ५ मार्च २०२६ चा, तो जूनच्या पहिल्या आठवड्यात बाद होतो. तोवर पुण्याचं खातं चालू ठेवा. मालकांनी मध्येच चेक परत दिले तर ते फाडण्याआधी चारही नंबर तपासा. तीनच परत देऊन चौथा "चुकून" राहिल्याचं मी पाहिलंय.